टिकली लावलेली पट्टी : आरोग्य विभागात ॲप ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याच्या आरोग्य विभागात मोबाइल ॲपच्या मागण्या लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व अधिकारी

विषय : रुग्णांसाठीचं ॲप बनवायला देण्याआधी ते कागदावर काढून रुग्णांच्या हातात देण्याबाबत

महोदय, महोदया,

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला रोज सकाळी गोळीची आठवण करून देणाऱ्या ॲपचे प्रस्ताव आपल्याकडे येतच असतात. कल्पना ऐकायला बिनतोड वाटते. रुग्ण गोळी विसरतो, फोन वाजतो, रुग्ण गोळी घेतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या एका आशाताईंच्या मनातही हेच होतं. त्यांचं ते ॲप कधी बनलं नाही. बनायच्या आधीच, कागद, कात्री आणि दोन दुपारी एवढ्या खर्चात, त्या कल्पनेचं दुसरंच काहीतरी झालं. ते कसं झालं, हे तपशिलाने कळवण्यासाठी हे पत्र आहे.

आधी एक खुलासा. ताईंचं आणि गावाचं नाव देत नाही, कारण हे एकाच गावचं वृत्त नाही. अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा जे समोर येतं, ते एका ताईंच्या गोष्टीत एकत्र मांडलं आहे. माणसं आम्ही जुळवली आहेत, अडचणी नाहीत.

ताईंकडे हजारेक वस्ती. तिशीपुढच्या माणसांचा तपासणी फॉर्म त्यांनीच घरोघर फिरून भरलेला. त्यातून ज्यांचा रक्तदाब १४०/९० च्या वर निघाला, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. बहुतेकांना अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक. गोळ्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून मिळतात, महिन्याला ३०, म्हणजे दहाच्या तीन पट्ट्या. तरीही पुढच्या महिन्यात मोजलं की बऱ्याच जणांचा आकडा जिथल्या तिथे. ताई विचारायच्या, गोळी घेतली नव्हती का? उत्तर यायचं, ‘इसरले बाई’. आठ घरांत आठ वेळा तेच ऐकल्यावर कोणालाही वाटेल की दुखणं विसराळूपणाचं आहे आणि त्यावर इलाज गजराचा.

‘विसरले’ हे गावातलं सगळ्यांत सभ्य उत्तर आहे, हे मात्र कुठल्याच प्रस्तावात लिहिलेलं नसतं. उपकेंद्राला कुलूप होतं म्हटलं तर तक्रार केल्यासारखं होतं. गोळी सोसत नाही म्हटलं तर डॉक्टरांना नावं ठेवल्यासारखं. पैसे नव्हते, घरात भांडण होतं, हे तर बोलायचंच नसतं. विसरले म्हटलं की दोष आपल्याच पदरात घेतला जातो आणि विषय मिटतो.

ताईंच्या कल्पनेतल्या ॲपचे सात पडदे होते. गटप्रवर्तक बाईंनी त्यांना एवढंच सुचवलं की कोणा पोराकडून ते फोनवर बनवून घेण्याआधी कागदावर काढा. ए-फोर कागद आडवा धरून त्याच्या चार उभ्या पट्ट्या कापल्या की प्रत्येक पट्टी सव्वासात-साडेसात सेंटीमीटर रुंद होते. ती पंधरा सेंटीमीटर उंचीवर छाटली की हातातल्या फोनएवढं कार्ड तयार. पहिल्या कार्डावर मोबाइल नंबर टाकायची चौकट, दुसऱ्यावर ओटीपी. तिसऱ्यावर गोळीचं चित्र आणि सकाळी आठचं घड्याळ. चौथ्यावर ‘आजची गोळी घेतली का?’, खाली हिरवं ‘हो’ आणि लाल ‘नाही’. पाचवं कार्ड महिन्याच्या कॅलेंडरचं, सहावं ‘काही त्रास?’ विचारणाऱ्या रडक्या चेहऱ्याचं, सातवं रक्तदाबाच्या आलेखाचं. अक्षरं जाड स्केचपेनाने. मुद्दाम पेन्सिलीने काढलं नाही, कारण पेन्सिलीचं फिकट दिसतं, आणि मग कार्ड वाचता आलं नाही ते नजरेमुळे की मजकुरामुळे, हे कळत नाही.

चाचणीची मांडणी इथे नीट सांगतो, कारण घोळ बहुधा तिथेच होतो. खोलीत तीन माणसं असतात. एक जण रुग्णाशी बोलतो. दुसरा कार्डं बदलतो: रुग्णाने ‘हो’वर बोट ठेवलं की समोरचं कार्ड उचलून पुढचं ठेवायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. तिसरा मागे बसून लिहितो. ज्याची कल्पना आहे त्याने पहिलं काम घ्यायचं नसतं. ताईंनी लिहायचं काम घेतलं आणि बोलायला शेजारच्या गावातली, कॉलेजात शिकणारी मुलगी बसवली. तिला गावात कोणी ओळखत नव्हतं.

याला भक्कम कारण आहे. बंगळुरूमध्ये मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना दोन सारख्याच वस्तू दाखवून यातली एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असं सूचित केलं, तर तीच जास्त चांगली असं म्हणण्याची शक्यता अडीचपट झाली. समोर दुभाष्या घेऊन आलेला परदेशी संशोधक असेल तर पाचपट. त्याची वस्तू उघड उघड वाईट असली तरीही लोकांनी तीच पसंत केली. मग ज्या ताई लेकीच्या बाळंतपणाला रात्री दोन वाजता धावत आल्या, त्यांचं ॲप वाईट आहे असं कोण म्हणेल? म्हणून ‘आवडलं का?’, ‘सोपं आहे ना?’ हे प्रश्न विचारायचेच नाहीत. काम द्यायचं: ‘आज सकाळची गोळी घेतली असं या फोनला सांगा.’ रुग्ण अडकला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि तोवर मदत करायची नाही. त्या दहा आकड्यांत तो काय करतो, कोणाकडे बघतो, बोट कुठे नेतो, तेवढंच लिहायचं. ताईंना या सगळ्या प्रकारात सर्वांत जड गेलं ते गप्प बसणं.

पहिल्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर पाच घरची माणसं बोलावली. बोलावणं एकच: गोळ्यांची पिशवी आहे तशी घेऊन या.

पहिल्या मावशी पहिल्या कार्डाच्या पुढे गेल्याच नाहीत. मोबाइल नंबर विचारला तर त्यांनी सांगितला तो मुलाचा, आणि मुलगा भोसरीला कंपनीत. ओटीपी जाणार भोसरीला, तो जेवणाच्या सुट्टीत फोन बघणार, मग आईला सांगणार कसा, तर शेजारच्या फोनवर. मावशींनी कार्ड उलटं करून मागे काही आहे का तेही पाहिलं. चार मिनिटं गेली आणि मुलीने पुढचं कार्ड हातात दिलं.

काकांकडे स्वतःचा फोन होता, बटणांचा. त्यांनी कार्डावरचं ‘हो’ नखाने कचकन दाबलं, दोन-तीनदा. नुसतं टेकवलेलं बोट त्यांच्या हिशेबी दाबलेलं नव्हतंच. पण बाकी सगळं त्यांना उमगलं, आणि गजर आवडलाही.

तिसऱ्या आजी. गोळीचं चित्र पाहून त्या म्हणाल्या, ‘ही तर तापाची.’ त्यांचं बरोबर होतं. कार्डावर पांढरी गोल गोळी होती, आणि घरात पांढरी गोल गोळी म्हणजे नातवाची पॅरासिटामॉल. मग आजींनी कमरेच्या पिशवीतून आपली पट्टी काढून चित्राशेजारी ठेवली. ती दिसायला वेगळीच होती. सरकारी पुरवठ्यात औषध तेच राहतं, पण बनवणारी कंपनी बदलली की पट्टीचा रंग, गोळीचा आकार आणि छपाई सगळं बदलतं. वाचता न येणारा माणूस गोळी रूपावरून ओळखतो, हे ताईंना ठाऊक होतं, म्हणून तर चित्र काढलं. पण ते रूप दर खेपेला बदलणार असेल, तर चित्र असलेला पडदा चित्र नसलेल्या पडद्यापेक्षा धोक्याचा आहे. ही एक नोंद जरी कोणाच्या मागणीपत्रात गेली तरी या पत्राचं टपाल वसूल.

चौथं जोडपं. काकांच्या नावावर गोळ्या, काकू सोबत आलेल्या. चौथं कार्ड समोर येताच काकांनी क्षणात ‘हो’वर बोट ठेवलं. चाचणी म्हणून बघितलं तर उत्तम, एकाही ठिकाणी अडकले नाहीत. मग मुलीने ठरल्याप्रमाणे कार्डं बाजूला सारली आणि पिशवी मागितली. आत तीन रिकाम्या पट्ट्या. वीस दिवसांपूर्वी ३० गोळ्या दिलेल्या, म्हणजे दहा उरायला हव्या होत्या. काकूंनीच हिशेब सांगितला. शिबिरात त्यांचाही रक्तदाब १५० भरला होता, पण नाव कुठे चढलं नाही, म्हणून दोघं एकाच पट्टीतून घेत होते. ३० गोळ्या, रोज दोन, पंधरा दिवसांत खलास. गेले पाच दिवस दोघांनाही गोळी नाही. मग ‘हो’ का दाबलं? काका हसले आणि मानेने मागे खूण केली, ‘ताई बसल्यात की.’

पाचवी बाई पंचेचाळिशीची, ऊसतोडीला जाणारी. आलेख पाहून ती काळजीत पडली. रेघ १६० वरून १३८ वर उतरत होती आणि तिने विचारलं, ‘एवढी घसरली, मग बिघडलं का?’ पिकाचा भाव, दुधाचा फॅट, पोराचे मार्क, तिच्या ओळखीतली प्रत्येक उतरती रेघ वाईटच होती. पण तिचं खरं बोलणं कॅलेंडरच्या कार्डावर झालं. तिने तळहात ठेवून कार्ड झाकलं. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, मग गुढीपाडव्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे कारखान्याच्या फडावर. पहाटे तीन-चारला कोयता हातात असतो, तेव्हा आठचा गजर कोणासाठी? मागच्या वर्षी जाताना सोबत ३० गोळ्या होत्या. त्यानंतर थेट परत येईपर्यंत एकही नाही.

संध्याकाळी ताईंनी वहीत दोन रकाने आखले. एकात कोण कुठल्या कार्डावर अडलं, दुसऱ्यात पट्टी मोजल्यावर काय निघालं. दुसरा रकाना असा: मावशींना उपकेंद्रातून ३० ऐवजी १० गोळ्या मिळाल्या होत्या, साठा संपला म्हणून, आणि पुन्हा जायला आठवडी बाजाराचा दिवस जमला नाही. काकांच्या तीन गोळ्या जास्त उरल्या होत्या, ते खरोखरच विसरले होते. आजींची पट्टी जवळजवळ भरलेली, कारण पाय सुजू लागले म्हणून त्यांनी गोळी स्वतःच बंद केली. घोट्याला सूज हा अ‍ॅम्लोडिपिनचा ओळखीचा त्रास आहे, डॉक्टरांना सांगितलं तर ते औषध बदलून देऊ शकतात. पण रडक्या चेहऱ्याच्या कार्डाला आजींनी हात लावला नाही, कारण त्यांच्या मते सूज ‘वाताची’ होती, गोळीचा तिच्याशी संबंध त्यांनी बोलून दाखवला तो पिशवी उघडल्यावर. जोडप्याची वाटून संपली. ऊसतोडीच्या बाईंकडे असायलाच नव्हती.

पाचांत विसरलेला एक. यावरून ‘वीस टक्के रुग्ण विसरतात’ असं कोणी अहवालात लिहू नये. पाच माणसांच्या चाचणीतून प्रमाण कळत नाही, वस्तू कुठे मोडते आणि का मोडते एवढंच कळतं. त्याला पाच पुरतात, यामागे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचं जुनं गणित आहे: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या करतो असं धरलं, तर पाच जण मिळून ८४-८५ टक्के. पण ते गणित एकसारख्या वापरणाऱ्यांचं आहे. पाचही जण स्मार्टफोनवाले तरुण घेतले असते तर भोसरीचा ओटीपी कधी दिसलाच नसता. म्हणून गट वेगळा असेल तर पाच पुन्हा नवे घ्यावे लागतात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सातही कार्डं रबर लावून कपाटात टाकली. त्यांच्या नव्या कल्पनेत रुग्णाच्या फोनवर काहीच नव्हतं. प्रश्न एकच उरला होता: कोणाच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात? आणि हे कळायची गरज त्यांना स्वतःला होती. म्हणजे ॲप वापरणारी व्यक्तीच बदलली. त्यांनी कॉलेजच्या मुलीकडून आपल्याच फोनवर एक साधी स्प्रेडशीट करून घेतली. नाव, दिल्याची तारीख, किती दिल्या, रोज किती. पाचव्या रकान्यात शेवटच्या गोळीचा दिवस, सहाव्यात घरी जायचा दिवस:

```
E2:  =B2+INT(C2/D2)-1
F2:  =E2-7
```

१२ सप्टेंबरला ३० गोळ्या, रोज एक, तर शेवटची ११ ऑक्टोबरला. यादीत नाव वर येतं ४ ऑक्टोबरला. सातच दिवस का, तर कोणत्याही सात दिवसांत बाजाराचा दिवस एकदा येतोच, आणि माणसं उपकेंद्राच्या गावाला जातात ती बाजाराच्याच दिवशी. मावशींसारख्या दहाच मिळाल्या असतील तर शेवटच्या गोळीची तारीख २१ सप्टेंबर होते, आणि एकच नाव महिन्यातून तीनदा वर येतं. अशी नावं वाढली की दोष रुग्णांचा नसून साठ्याचा आहे, हे यादीकडे नुसतं बघून वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही दिसतं.

मग ताईंनी एक रकाना वाढवला: घरी गेल्यावर मोजलेल्या उरलेल्या गोळ्या. १२ तारखेपासून रोज एक घेतली तर २७ सप्टेंबरच्या रात्री १६ गेलेल्या आणि १४ उरलेल्या असतात. १४ च्या आसपास निघाल्या तर ठीक. २२ निघाल्या तर आठ चुकल्या, आणि तिथे ‘का घेतली नाही’ असं न विचारता ‘पाय सुजतात का, चक्कर येते का’ असं विचारायचं. शून्य निघाल्या तर त्या घरात गोळी खाणारं दुसरं माणूस आहे, त्याचा रक्तदाब मोजायचा. जास्त उरणं आणि कमी उरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘गोळी घेतली का? हो / नाही’ या पडद्यात त्या दोन्ही बुडून जातात. क्षयरोगाच्या उपचारात ‘९९ डॉट्स’ या पद्धतीत गोळी दाबून काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो आणि रुग्ण त्या फुकटच्या नंबरावर फोन करतो. साध्या फोनवर चालणारी ती हुशार युक्ती आहे, पण तीसुद्धा एवढंच सांगते की गोळी पट्टीतून निघाली. पोटात गेली का, आणि कोणाच्या, हे सांगत नाही. पट्टी मोजण्यालाही ती मर्यादा आहेच. जाणूनबुजून टाकून दिलेली गोळी ताईंच्या हिशेबात घेतलेलीच धरली जाते.

रुग्णाला मात्र काहीतरी खूण हवी होती, ताई यायच्या आधी त्यालाच कळावं म्हणून. इथे ताईंनी दुसरं नमुनाकाम केलं आणि तेही लोकांसमोर पडलं, म्हणून सांगतो. तीन पट्ट्यांपैकी एकीच्या चांदीच्या बाजूला त्यांनी कोपऱ्यात लाल टिकली चिकटवली, औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख झाकणार नाही अशी. सांगणं सोपं: टिकलीची पट्टी सर्वांत शेवटी फोडायची, आणि ती फोडली की समजायचं दहाच दिवस राहिले, येत्या बाजाराला उपकेंद्रात जायचं. वाचणं नको, तारीख नको, फोन नको. पाच बायकांना तीन-तीन पट्ट्या दिल्या आणि विचारलं, उद्यापासून गोळ्या घ्यायच्या, कुठली पट्टी उचलाल? चौघींनी साधी उचलली. पाचवीने टिकलीची. का? ‘टिकली लावलीय, म्हंजी आधी हिचा मान.’

पाचांत एक म्हणजे कमी असं म्हणून पुढे जाता आलं असतं. ताई गेल्या नाहीत, कारण ती चूक विसरण्यातून किंवा गोंधळातून आलेली नव्हती. त्या बाईच्या जगात टिकलीचा जो अर्थ आहे तोच तिने लावला होता, आणि तो अर्थ गावात आणखी कितीजणींचा असेल. लाल दोऱ्याचंही तेच झालं असतं. शेवटी खूण काढून टाकून जागा बदलली. रुग्णाकडे रक्तदाबाचं घडीचं कार्ड असतं, त्याच्या आत कागदाचा खिसा डकवला आणि तिसरी पट्टी त्यात सरकवली. दोन पट्ट्या बाहेर, एक कार्डात. तिसरी हवी तर कार्ड हातात घ्यावंच लागतं, आणि उपकेंद्रात जाताना तेच कार्ड न्यायचं असतं. पुन्हा पाच जणींना देऊन पाहिलं, पाचही जणींनी बाहेरची पट्टी आधी घेतली. खिसा डिंकाने डकवू नये, घामाने आणि पावसात सुटतो. तीन बाजूंनी स्टेपलर मारावा, आणि पिना आतून टोचणार नाहीत अशा वळवाव्यात. उपकेंद्रात पट्टी कात्रीने कापून सुट्या गोळ्या द्यायची सवय असेल तर हे सगळं फसतं. कापलेल्या तुकड्यावर नावही उरत नाही आणि मुदतही.

ऊसतोडीच्या कुटुंबांसाठी यादीत आणखी दोन रकाने आले: कधी निघणार, कुठल्या भागात जाणार. निघायच्या आधीच्या बाजाराला त्यांची नावं वर येतात. रोज एक गोळी आणि सहा महिने म्हणजे १८० गोळ्या, अठरा पट्ट्या. एवढ्या एकदम द्यायच्या की नाही हा डॉक्टरांचा निर्णय आहे, तो यादी घेऊ शकत नाही आणि ताईही नाही. पण मागच्या वर्षी तो प्रश्न डॉक्टरांसमोर आलाच नव्हता, बाई ३० गोळ्या घेऊन गाडीत बसली होती. कार्डावर औषधाचं नाव आणि मात्रा मराठीत आणि इंग्रजीतही लिहायची ठरली, कारण टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात आणि तिथल्या दवाखान्यात मराठी कार्ड वाचलं जाईलच असं नाही.

रुग्णाच्या हाती कार्ड आणि कर्मचाऱ्याच्या हाती ॲप, ही विभागणी नवी नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, आणि त्या कामात वापरलेलं ‘सिंपल’ हे ॲप कर्मचाऱ्यांसाठीच आहे, रेंज नसतानाही चालतं आणि रुग्णाकडे फक्त एक कार्ड असतं. ताईंना हे ठाऊक नव्हतं. त्या तिथे दुसऱ्या वाटेने पोचल्या.

गजर कुचकामी आहे असा आमचा दावा नाही. काकांना तो हवा आहे आणि त्यांच्या बटणांच्या फोनात तो आधीपासून आहे, ताईंनी दोन मिनिटांत लावून दिला. शहरात स्वतःचा फोन बाळगणाऱ्या, वाचणाऱ्या रुग्णाचं चित्र वेगळं निघेल. आणि यादीमुळे रक्तदाब आटोक्यात आला का, हे या दोन दुपारींतून कळत नाही. त्यासाठी तीन-तीन महिन्यांनी, नोंद झालेल्यांपैकी किती जणांचा शेवटचा आकडा १४०/९० च्या खाली आहे, ते मोजत राहावं लागेल.

आता मागणीचं. ॲपची निविदा लिहिताना पडद्यांची संख्या आणि त्यांचा मजकूर आधीच गोठवला जातो आणि बिल त्यावर निघतं. मग सातवा पडदा लोकांना घाबरवतो असं दिसलं तरी कंपनी तो बनवूनच देते, कारण न बनवला तर पैसे कापले जातात. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा तक्रारी होत्या इंग्रजीतल्या ॲपच्या आणि तोकड्या क्षमतेच्या फोनच्या. पाच सेविका आणि एक दुपार एवढ्यात दोन्ही गोष्टी आधी दिसल्या असत्या. म्हणून पहिला हप्ता कागदी चाचणीचा ठेवा: तो चाचणी झाल्यावर द्या, आणि चाचणीनंतर मागणी बदलायची, प्रसंगी पडदे रद्द करायची मुभा करारातच लिहा. चाचणीतली माणसं कंपनीने निवडू नयेत. पाचांत किमान एक वाचता न येणारा, एक स्वतःचा फोन नसलेला आणि एक वर्षातले काही महिने गावाबाहेर असणारा असावा. अडकलेल्या जागांचा तक्ता, ताईंच्या वहीसारखा दोन रकान्यांचा, बिलाला जोडलेला असावा. ‘सर्व रुग्णांना ॲप आवडले’ असं लिहिलेला तक्ता परत पाठवावा.

आशाताईंना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. चाचणीचे दोन दिवस त्यांच्या इतर कामांतून जातात, त्याचा दर ठरवावा, आणि ओट्यावर येऊन बसलेल्या रुग्णाचा रोजही द्यावा. नवी यादी आली तर जुन्या नोंदवहीतला कुठला रकाना बंद होणार, हे त्याच आदेशात लिहावं. नाहीतर हीच माहिती तीन ठिकाणी भरावी लागेल आणि भरली जाईल ती रात्री, अंदाजाने.

एक गोष्ट वेळेची. चाचण्या ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या. दसऱ्यानंतर घेतल्या तर ओट्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं भेटतील, आणि जिने कॅलेंडरवर तळहात ठेवला ती बाई तोवर फडावर पोचलेली असेल.

आपले,
गावपातळीवर आरोग्य साधनांच्या चाचण्या घेणारे कार्यकर्ते